डावे पान, उजवे पान

चित्रीकरण संपते, संकलनही आटोपते, सादरीकरणाची तारीख तोंडावर येते आणि मग वसतिगृहाच्या एका खोलीत चित्रपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचा सगळा गट निर्मितीची डायरी लिहायला बसतो. अशा डायऱ्या मी बरीच वर्षे तपासत आले आहे आणि त्या ओळखायला फारसा वेळ लागत नाही. सगळ्या दिवसांची शाई एकच असते, प्रत्येक दिवसाला साधारण सारखीच जागा मिळालेली असते, वेळा दहा, साडेदहा, अकरा अशा गोळाबेरीज असतात आणि मुख्य म्हणजे त्या डायरीतल्या माणसाला प्रत्येक अडचणीचे उत्तर पहिल्या फटक्यात सुचलेले असते. ज्याने एकदा तरी कॅमेरा खांद्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यावर उन्हात काम केले आहे, त्याला असे कधीच होत नाही हे ठाऊक असते.

म्हणून आमच्या मुलांना मी एकच पद्धत लावून दिली आहे. साधी दोनशे पानी रेघांची वही घ्यायची. उघड्या वहीचे डावे पान जागेवर लिहायचे, म्हणजे शॉट झाल्यावर पुढची मांडणी होईपर्यंत जी चार-पाच मिनिटे मिळतात त्यांत. उजवे पान त्याच रात्री, त्या दिवशीचे फुटेज पाहून झाल्यावर लिहायचे. उजव्या पानावर हवी तेवढी खाडाखोड करावी, पण डाव्या पानाला रात्री हात लावायचा नाही. तिथे लिहिलेले चुकीचे ठरले तरी ते तसेच राहू द्यायचे आणि ते का चुकले हे समोरच्या पानावर लिहायचे. एखादे काम करत असताना माणूस जो विचार करतो तो वेगळा आणि काम झाल्यावर त्याकडे पाहून करतो तो वेगळा, हा भेद डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये सविस्तर मांडला. वहीची दोन पाने म्हणजे तोच भेद कागदावर आणण्याची आमची रीत आहे. गुणदानासाठी आणि पुढे नोकरीच्या वेळी पोर्टफोलिओसाठी डायरीचा जो काही उपयोग होतो, तो माझ्या अनुभवात या दोन पानांमधल्या अंतरातूनच होतो.

एक उदाहरण तपशिलाने सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका गावात आमच्या विद्यार्थ्यांच्या गटाने पिठाच्या चक्कीवर एक छोटा माहितीपट केला. नोव्हेंबरचा शेवट होता आणि कापसाची वेचणी सुरू होती. दिवसभर शेतातली दृश्ये घ्यायची, दिवस मावळल्यावर बाया शेतातून परतून दळण घेऊन येतात तेव्हा चक्कीतले काम टिपायचे, असे ठरलेले होते. कॅमेरा एका विद्यार्थिनीकडे होता, ध्वनी एका मुलाकडे, दिग्दर्शन तिसऱ्या मुलाकडे. चक्कीत पत्र्याखाली जुन्या चोकची एक ट्यूबलाइट होती आणि दुसरा काहीच उजेड नव्हता. त्या संध्याकाळचे कॅमेरावाल्या मुलीचे डावे पान असे आहे :

‘६.५०. चक्कीच्या आत. फक्त ट्यूबलाइट. C0047.MP4. ३० फ्रेम, शटर १/६०, आयएसओ १६००. पडद्यावर आडवे काळपट पट्टे, भराभर सरकतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. काका म्हणाले, मोटरा चालू झाल्या का लाइन कमीच होते पोरी. मला वाटते व्होल्टेजमुळेच. ६.५८. C0048.MP4. शटर १/५०, बाकी तेच. पट्टे गेले. का गेले?’

चक्कीवाल्या काकांचे म्हणणे खोटे नव्हते. हरभरा आणि गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की शेतातल्या मोटरा एकदम सुरू होतात आणि गावातला दिवा मंदावतो, हे आमच्याकडे सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. त्यामुळे तिने काढलेला तर्क त्या जागी, त्या वेळी अगदी स्वाभाविक होता. रात्री मुक्कामी फुटेज पाहिल्यावर मात्र तिने उजव्या पानावर तो तर्क तपासला. व्होल्टेज कमी झाले असते तर उजेड डोळ्यांनाही मंद दिसला असता आणि शटर बदलल्याने तो दोष जाण्याचे काही कारण नव्हते, असे तिने आधी लिहिले. मग खरे कारण लिहिले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि अशा ट्यूबलाइटचा उजेड प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, कमी-जास्त होतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते शटर उघडे राहिले तर त्यात बरोबर दोन चढउतार मावतात, त्यामुळे चित्राच्या प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. साठाव्या भागात मात्र एक पूर्ण आणि एक अपुरा चढउतार येतो. सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्याने कुठल्या ओळीच्या वाट्याला जास्त उजेड येतो, कुठल्या ओळीच्या वाट्याला कमी, आणि तेच पट्टे होऊन दिसतात.

इथपर्यंतचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडते आणि तेवढेच लिहिले असते तर मी तिला जेमतेम गुण दिले असते. पण त्याच पानावर पुढे तिने कोणते मार्ग सोडून दिले आणि का, तेही लिहिले होते. आमचा एक जुना विद्यार्थी तिला फोनवर म्हणाला होता, की भारतात सेकंदाला २५ फ्रेमवरच काम करावे, म्हणजे ही भानगड होत नाही. सल्ला एरवी योग्यच आहे. परंतु सकाळपासूनची शेतातली सगळी दृश्ये ३० फ्रेमवर झालेली होती. चक्कीतली दृश्ये तेवढी २५ वर घेतली असती तर दोन्ही एका टाइमलाइनवर आणताना एका बाजूची हालचाल अडखळत दिसली असती. शिवाय त्या कॅमेऱ्यात ३० वरून २५ वर जाताना कार्ड नव्याने फॉरमॅट करण्याची सूचना येत होती आणि दिवसभराचे फुटेज त्याच कार्डावर होते, त्याची दुसरी प्रत अजून झालेली नव्हती. मग शटर १/१०० केले तर, असाही तिने विचार केला आणि C0049.MP4 मध्ये ते करून पाहिले. पट्टे तिथेही आले नाहीत, कारण त्या वेळात बरोबर एक चढउतार मावतो. पण उजेड १/५० च्या तुलनेत निम्म्यावर आला. तो भरून काढायचा तर आयएसओ ३२०० करावा लागला असता आणि त्या कॅमेऱ्यात इतक्या आयएसओला काळोख्या कोपऱ्यांत दाणे दिसतात. म्हणून फ्रेम ३० च ठेवून फक्त शटर १/५० करायचे आणि C0047 वापरायचा नाही, असा तिचा निर्णय झाला.

आता हेच पान परीक्षकाच्या बाजूने पाहू. शेवटची सेटिंग बरोबर होती एवढ्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण बरोबर सेटिंग कोणीतरी सांगितलेली असू शकते. मी पाहते ते असे की अडचण तिच्या लक्षात कशावरून आली, पहिला तर्क काय होता, तो कशाने बाद झाला, दुसरे कोणते मार्ग समोर होते आणि त्या दिवशीच्या परिस्थितीत ते का चालणार नव्हते. या प्रत्येक गोष्टीला क्लिपचा क्रमांक जोडलेला असल्याने मला तो क्लिप उघडून पडताळता येतो. ‘मला वाटते व्होल्टेजमुळेच’ हे वाक्य तिने रात्री खोडून टाकले असते तर गुण कमी झाले असते, वाढले नसते. चुकीचा तर्क डायरीत दिसला म्हणून गुण कापणारा परीक्षक मुलांना पुढच्या वेळी वसतिगृहात बसून डायरी लिहायलाच शिकवतो, असे माझे ठाम मत आहे. मुलांनाही मी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते, कारण डाव्या पानाला शिक्षा नाही याची खात्री पटल्याशिवाय कोणीही ते खरेपणाने लिहीत नाही.

प्रत्येक शॉटवर असे पान लिहायचे नसते, हेही सांगायला हवे. बहुतेक शॉटना क्लिप क्रमांक, वेळ आणि घेतला-नाकारला एवढी एक ओळ पुरते. दिवसातले दोन किंवा तीन निर्णय असे असतात की ज्यांवर खरोखर विचार झालेला असतो, आणि उजवे पान त्यांच्यासाठी असते. जो विद्यार्थी प्रत्येक शॉटवर अर्धे पान लिहितो, त्याच्या डायरीत जेवणाला उशीर झाला, गाडी पंक्चर झाली हेही सविस्तर येते आणि मुख्य निर्णय त्यात हरवून जातो. जेवणाला उशीर झाल्याने प्रकाश गेला आणि एक दृश्य गाळावे लागले, असे असेल तर मात्र ती गोष्ट नोंदवण्यासारखी होते.

गटाच्या कामात गुण कसे द्यावेत हा शिक्षकांचा जुना प्रश्न आहे. चित्रपट एक असतो आणि करणारे चार-पाच असतात. सगळ्यांना सारखे गुण दिले तर राबणाऱ्यावर अन्याय होतो आणि वेगवेगळे द्यायचे तर आधार हवा. इथे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या डायऱ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. चक्कीच्या त्याच संध्याकाळी काकांच्या तोंडून दोन वाक्ये घ्यायची होती आणि चक्कीच्या आवाजात ती ऐकू येणे शक्य नव्हते. दिग्दर्शक मुलाच्या डायरीत लिहिले होते, की चक्की थांबवण्याचा निर्णय त्याचा. ध्वनीवाल्या मुलाच्या डाव्या पानावर लिहिले होते, ‘७.१०. चक्की चालू असताना लेव्हल शेवटच्या टोकाला, बोलणे कळत नाही. काकांना थांबवायला सांगितले.’ मौखिक परीक्षेत मी दोघांनाही त्यावर विचारले. ध्वनीवाल्या मुलाने वाद न घालता रेकॉर्डरवरची ती फाइल लावली. घरघर चालू आहे आणि तिच्यावरून त्याचा स्वतःचा आवाज येतो, ‘काका, पाच मिनिट चक्की बंद करता का जी?’ मग पट्टा सुटल्यासारखा आवाज मंदावत जातो. दिग्दर्शक मुलानेही लगेच मान्य केले, की त्याने नंतर होकार दिला होता आणि लिहिताना त्याची समजूत तशी झाली होती. त्याने खोटे लिहिले नव्हते. त्याने ते पान तिसऱ्या दिवशी लिहिले होते. तीन दिवसांत आठवण स्वतःच्या बाजूला सरकते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की रात्र उलटू देऊ नका हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

डायरीच्या वेळा फाइलच्या वेळांशी जुळल्या तर पुराव्याला बळ येते, पण त्यात एक मेख आहे. कॉलेजचे कॅमेरे कपाटात महिनोन्महिने पडून असतात, आतली छोटी बॅटरी उतरते आणि घड्याळ कुठल्या तरी भलत्याच तारखेला जाते. बारा तासांच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची गल्लत तर नेहमीचीच. म्हणून सकाळी पहिला क्लिप घड्याळाचाच घ्यायचा. मोबाइलवरची वेळ मोठी करून ती पाच सेकंद कॅमेऱ्याने टिपायची आणि रेकॉर्डरला तीच वेळ तोंडाने सांगायची. मग कॅमेऱ्याचे घड्याळ कितीही चुकलेले असो, फरक किती तो कळतो आणि दिवसभराच्या सगळ्या फाइलींना तो लावता येतो. फाइलींची मूळ नावे मात्र बदलायची नाहीत. संगणकावर उतरवल्यावर ‘चक्की छान शॉट’ असे नाव दिले, की वहीतला C0048 कायमचा पोरका होतो. नाव द्यायचेच असेल तर ते फोल्डरला द्यावे. कार्ड पुसण्याआधी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती झाल्या का आणि त्या कोणी उघडून पाहिल्या, ही ओळही त्याच दिवशीच्या उजव्या पानावर यायला हवी.

मुले विचारतात, की हे सगळे मोबाइलवर का लिहायचे नाही. ज्या गावात रेंजसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावे लागते, तिथे ऑनलाइन वहीचा भरवसा नाही हे एक कारण. दुसरे असे, की मोबाइलवरची नोंद रात्री सहज दुरुस्त होते आणि मग डावे पान हे डावे पान राहत नाही. हात ग्रीसने किंवा पिठाने भरलेले असतील तर बोलून नोंद ठेवावी आणि ती उतरवून घेताना ‘बोललेली नोंद’ असे लिहावे. वही पावसात भिजते, गाडीत राहते, म्हणून रोज रात्री त्या दिवशीच्या पानांचे फोटो मात्र अवश्य काढून ठेवावेत.

पोर्टफोलिओची गोष्ट गुणदानापेक्षा वेगळी आहे आणि तिथे मुलांची गल्लत होते. परीक्षकाला सगळी वही हवी असते. नागपूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या निर्मितीसंस्थेत काम देणाऱ्या माणसाला वही वाचायला वेळ नसतो, त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : यातले तू नेमके काय केलेस? त्याने एकच शॉट तीन मित्रांच्या शोरीलमध्ये पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचा संशय रास्त असतो. यासाठी रोजच्या नोंदीच्या शेवटी भूमिकांची एक ओळ लिहून घ्यावी. कॅमेरा कोणी चालवला, उजेडाची मांडणी कोणी केली, फोकस कोणाच्या हातात होता, हे लिहून गटातल्या दुसऱ्या एकाची त्याखाली सही घ्यावी. त्या दिवशी सही द्यायला कोणी कुरकुरत नाही. वर्षभराने, चित्रपट कुठल्या महोत्सवात गेल्यावर, त्याच ओळीवरून मैत्र्या तुटताना मी पाहिल्या आहेत.

चक्कीच्या त्या नोंदीतून आमच्या विद्यार्थिनीने पुढे पोर्टफोलिओचे एक पान तयार केले. वर C0047 आणि C0048 यांतली एकेक चौकट शेजारी शेजारी लावली, एकीत पट्टे आणि एकीत स्वच्छ चित्र. खाली चार-पाच वाक्ये लिहिली : जागा कशी होती, दोष काय दिसला, आधी काय वाटले, चाचणीतून काय कळले, आणि २५ फ्रेमवर न जाण्याचे कारण काय. त्याखाली भूमिकेची ओळ आणि डायरीतल्या मूळ डाव्या पानाचा छोटा फोटो. बिघडलेला शॉट पोर्टफोलिओत कशाला, असे तिच्या घरच्यांना वाटले होते. पण चांगले चित्र काढता येणारे पुष्कळ असतात, आणि कॅमेऱ्यात दोष दिसल्यावर दहा मिनिटांत तो ओळखून, उरलेला दिवस न बिघडवता मार्ग काढणारा माणूस आहे हे त्या एकाच पानावरून कळते. नोंदीतले वाक्य पोर्टफोलिओसाठी नीट करावे, लांबी कमी करावी, याला माझी हरकत नसते. तथ्य बदलू नये एवढेच पाहावे, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्याच तथ्यावर येतो.

काही गोष्टी मात्र वहीतून बाहेर जाता कामा नयेत, आणि खरे तर वहीतच येऊ नयेत. चक्कीवर दळणाची वाट पाहत बसलेल्या एका आजीने कॅमेरा बंद असताना पोरीजवळ सोसायटीच्या कर्जाचे आणि मुलाच्या तब्येतीचे मन मोकळे केले. मुलीने ते रात्री हळवेपणाने उजव्या पानावर उतरवले होते, नावासकट. तिचा हेतू चांगला होता, पण ती वही तीन परीक्षकांच्या हातांतून जाणार होती आणि गाव लहान आहे. तो मजकूर वेगळ्या कागदावर घेऊन स्वतःजवळ ठेव, वहीत एवढेच लिही की कॅमेरा बंद असताना झालेले बोलणे चित्रपटात वापरायचे नाही असे ठरवले, असे मी तिला सांगितले. हा निर्णय होता आणि निर्णय म्हणून त्याला गुणही मिळाले.

संमतीचेही तसेच आहे. कॉलेजच्या परीक्षेसाठी चित्रीकरण करू द्या म्हणून होकार देणाऱ्या माणसाने ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकायला होकार दिला, असे होत नाही. त्यामुळे आमच्या संमतीपत्रावर दोन वेगळ्या ओळी आणि दोन वेगळ्या सह्या असतात, एक परीक्षेपुरत्या दाखवण्यासाठी आणि एक जाहीर दाखवण्यासाठी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा आणि त्यांचा होकार कॅमेऱ्यातही टिपायचा. तो कुठल्या क्लिपमध्ये आहे, त्याचा क्रमांक डायरीत त्या दिवसाच्या पानावर लिहायचा. लहान मुले चित्रात असतील तर सही पालकांची घ्यायची. काकांनी दोन्ही ओळींवर सही केली होती, आजीने फक्त पहिलीवर अंगठा दिला होता. म्हणून विद्यार्थिनीच्या शोरीलमध्ये दळणाच्या रांगेचा तो सुंदर शॉट नाही. चित्रपटातल्या संगीताचीही हीच कथा आहे. वर्गात चालून गेलेले गाणे जाहीर शोरीलमध्ये परवानगीशिवाय चालत नाही, तेव्हा संगीत कुठून घेतले आणि परवानगी कशापुरती आहे, हे संकलनाच्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवले तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही.

शेवटी वहीचे काय करायचे, याची सोय आधीच करून ठेवावी. निकाल लागेपर्यंत ती विभागाकडे राहते आणि नंतर बऱ्याच ठिकाणी जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात जाऊन पडते. आम्ही सादर करतानाच सगळी पाने स्कॅन करून विभागाकडे प्रत ठेवतो आणि मूळ वही निकालानंतर सही घेऊन विद्यार्थ्याला परत करतो. ज्यांच्या विभागात अशी पद्धत नसेल त्यांनी वही देण्याआधी दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे सरळ फोटो काढावेत, ते फुटेजच्याच ड्राइव्हवर त्या त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि वही परत मिळावी असा लेखी अर्ज सादरीकरणाच्या दिवशीच द्यावा.